मागची भिंत बदलायची, चादर नाही : स्नॅपसीडवरच्या कामाच्या नोंदी

३ जानेवारी

काकांच्या दुकानातल्या चादरींचे फोटो व्हॉट्सॲप कॅटलॉगसाठी फोनवरच्या स्नॅपसीड या फोटो-ॲपमध्ये नीट करायचं काम अंगावर घेतलं आहे. फोटो दिवाळीच्या आधी काढलेले आहेत आणि त्यातला बराच माल गावोगावी गेला, त्यामुळे पुन्हा काढायचा प्रश्नच नाही. काकांची अट एकच : "भिंतीचं काय पण कर, चादरीला हात लावू नको. रंग फोटोत एक अन् हातात एक निघाला की माल परत येतोय." अट रास्त आहे. मरून चादर फोटोत लालभडक दिसली की गिऱ्हाईक तीच मागतं.

सगळ्या फोटोंचं दुखणं सारखंच असल्यामुळे एकच फोटो धरून पद्धत बसवायची ठरवलं. लाकडी बाकावर मरून चादर पसरली आहे, तिच्यावर पांढरी-काळी फुलं आणि चौकटी, कडेला पांढरा पट्टा, खाली दशा लोंबताहेत. मागे क्रीम रंगाची भिंत. चादरीवर दुकानाच्या दारातून येणारा दिवसाचा उजेड आहे आणि भिंतीवर आतल्या ट्यूबचा. फोनने व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळणी, दिवसाच्या उजेडाला धरून लावला, म्हणून चादर बरोबर आली आणि भिंत हिरवट. शिवाय डावीकडचा वरचा कोपरा अंधारात गेला आहे, उजवीकडे पांढरा स्विचबोर्ड डोळ्यात खुपतो.

अशा फोटोला सगळीकडून एकच रंगसुधारणा लावली तर काय होतं, ते आधी बघून घेतलं. White Balance मध्ये भिंत क्रीम होईपर्यंत Tint गुलाबीकडे सरकवला, तर चादर जांभळट झाली आणि तिच्यावरची पांढरी फुलं गुलाबी. दोन उजेडांचा फोटो एका सेटिंगमध्ये सुधारत नाही. भिंत वेगळी काढूनच काम करावं लागणार.

मूळ फोटोंची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. क्रॉप आणि तिरपेपणा आधीच उरकून घेतला.

५ जानेवारी

सुरुवात अंधाऱ्या कोपऱ्यापासून. त्याला Selective पुरेल असा अंदाज होता, कारण कोपरा चादरीपासून लांब आहे.

हे हत्यार कसं चालतं ते एकदा नीट लिहून ठेवते, कारण बरेच जण त्याला नुसतं गोल समजतात. फोटोवर बोट टेकवलं की तिथे एक बिंदू बसतो. दोन बोटांनी चिमटा उघडला-मिटला की त्या बिंदूभोवतीचं वर्तुळ लहानमोठं होतं, आणि तेवढ्या वेळापुरता जिथे परिणाम होणार तो भाग लाल दिसतो. तो लाल भाग नीट बघितला तर कळतं की अख्खं वर्तुळ रंगलेलं नाही. बिंदूखाली जो रंग आणि जेवढा उजेड आहे त्याच्याशी जुळणारा भागच त्यात आला आहे. म्हणजे वर्तुळ फक्त हद्द सांगतं, हद्दीच्या आत कोण घ्यायचं ते रंगावरून ठरतं. बोट वर-खाली ओढलं की Brightness, Contrast, Saturation, Structure यांतलं एक निवडता येतं, आडवं ओढलं की त्याचा आकडा बदलतो. एका वेळी असे आठ बिंदू ठेवता येतात.

कोपऱ्यात एक बिंदू ठेवला आणि Brightness ४० पर्यंत नेला. कोपरा उजळला, पण तिथे दाणे दिसायला लागले. फोनच्या जेपीजीत अंधारात मुळात माहितीच कमी असते. तिथला उजेड वाढवला की मळ पण वाढतो. २५ वर आणून थांबले आणि Structure उणे २० केलं, म्हणजे दाणे थोडे बसले. कोपरा अजून जरा गडदच आहे, पण आता भोक पडल्यासारखा दिसत नाही. तेवढं बास.

मग लोभ सुटला. वाटलं, असेच बिंदू चादरीच्या वरच्या काठापाशी ठेवून तिथली भिंतही उजळून घ्यावी. मधल्या मरून भागाला काहीच झालं नाही, रंग एवढा वेगळा आहे की वर्तुळ चादरीवर गेलं तरी मरून अंग वाचतं. पण काठाचा पांढरा पट्टा आणि क्रीम भिंत यांच्यात स्नॅपसीडला फारसा फरक दिसत नाही. पट्टाही भिंतीबरोबर उजळला आणि त्यातली वीण पुसट झाली.

त्याच्यावर एक उपाय आहे. पांढऱ्या पट्ट्यावर आणखी एक बिंदू ठेवायचा, त्याचं वर्तुळ पट्ट्यापुरतं लहान करायचं आणि सगळे आकडे शून्यावरच राहू द्यायचे. हा बिंदू स्वतः काही करत नाही, पण शेजारच्या बिंदूचा जोर आपल्या भागात येऊ देत नाही. पट्टा बराचसा जागेवर आला. बराचसा म्हणजे पूर्ण नाही, आणि लांब पट्टा राखायचा तर निम्मे बिंदू राखणीतच जातात. म्हणून काठापाशी Selective नको. लांबच्या, वेगळ्या रंगाच्या तुकड्यासाठी ते फार छान आहे.

आणि हिरवटपणाचं काय? Selective मध्ये रंगछटा बदलायची सोयच नाही. Saturation कमी केलं की हिरवट भिंत राखाडी होते, क्रीम होत नाही. काकांना ती राखाडी भिंत दाखवली, तर म्हणाले, "काय करायलीस गं? दुकान आहे का दवाखाना?"

८ जानेवारी

आज मुख्य काम : हिरवट भिंत, तीही फक्त भिंत.

Brush नावाचं जे हत्यार आहे त्यात Temperature आहे, आणि पहिल्यांदा हात तिकडेच जातो. पण Temperature म्हणजे निळा ते पिवळा एवढाच प्रवास. हिरवा-गुलाबी हा वेगळा अक्ष आहे, तो White Balance मधल्या Tint मध्ये मिळतो. हिरव्या भिंतीवर Temperature चा ब्रश फिरवला तर भिंत हिरवट-पिवळी होते, जुन्या शेवाळासारखी.

मग White Balance फक्त भिंतीला लावायचा कसा? स्नॅपसीडमध्ये केलेला प्रत्येक बदल मागे थरासारखा राहतो आणि त्या थराला मास्क लावता येतो, म्हणजे बदल कुठे दिसायचा आणि कुठे नाही ते ठरवता येतं. हे दार जरा आतल्या खोलीत आहे, त्यामुळे कित्येकांना वर्षानुवर्षं वापरून सापडत नाही. माझ्या फोनवरचा क्रम असा :

आधी White Balance उघडून अख्ख्या फोटोला बदल लावायचा. मी त्यातला ड्रॉपर उचलून स्विचबोर्डाच्या पांढऱ्या प्लास्टिकवर टेकवला, कारण त्याच्यावर ट्यूबचाच उजेड पडलेला आहे आणि ते मुळात पांढरं आहे. ड्रॉपर भिंतीवर टेकवला असता तर स्नॅपसीडने क्रीम भिंतीलाच पांढरी धरून निळसर केलं असतं. ड्रॉपरने आलेला Tint जरा जास्त वाटला, तो हाताने थोडा मागे घेतला. चादर या घडीला जांभळट दिसते, दिसू दे. बरोबरची खूण दाबायची.

मग वरच्या थरांच्या चिन्हावरून View edits मध्ये जायचं. आतापर्यंतच्या बदलांची यादी येते. तिच्यातल्या White Balance वर दाबलं की बाजूला बाण येतो, त्यातून ब्रशचं चिन्ह निवडायचं. लगेच फोटो मूळ रंगात दिसायला लागतो. बदल गेला नाही, मास्क रिकामा आहे एवढंच. आता जिथे बोट फिरवू तिथे बदल उमटतो. खाली ० पासून १०० पर्यंत जोर आहे, २५ च्या पायऱ्यांनी. १०० म्हणजे पूर्ण बदल, ० म्हणजे खोडरबर.

इथे दोन रस्ते फुटतात. भिंत रंगवत बसायचं, किंवा खालचं उलटं करायचं चिन्ह दाबून बदल अख्ख्या फोटोवर पसरवायचा आणि मग ० घेऊन चादर आणि बाक पुसून काढायचे. कुठला धरायचा ते सोपं आहे : ज्याचं क्षेत्र लहान आणि ज्याची कड सरळ, त्याच्यावर बोट फिरवावं. या फोटोत भिंत निम्म्याहून जास्त आहे आणि चादरीच्या तीन कडा सरळ आहेत, म्हणून उलटा रस्ता धरला.

ब्रशचा आकार बदलायला वेगळं बटण नाही. बोटाखालचा ब्रश पडद्यावर तेवढाच राहतो, फोटो मोठा केला की तोच ब्रश फोटोच्या मानाने बारीक होतो. चादरीचं मधलं अंग लांबूनच भराभर पुसलं. मग झूम करून कडेकडेने गेले. एका बोटाने पुसायचं, दोन बोटांनी फोटो सरकवायचा. दुसरं बोट टेकायला जरा उशीर झाला की पहिल्याचा फटकारा उमटतो. लगेच जोर १०० करून तेवढा भाग परत भरून घ्यायचा.

संध्याकाळपर्यंत तिन्ही सरळ कडा झाल्या. खालच्या दशा राहिल्या.

९ जानेवारी

दशा. आजचा सगळा वेळ यांनी खाल्ला.

अडचण दुहेरी आहे. पहिली अशी की कुठे मास्क आहे ते दाखवायला डोळ्याचं चिन्ह आहे, आणि ते दाबलं की मास्कचा भाग लाल होतो. भिंतीवर तो लाल स्पष्ट दिसतो. मरून चादरीवर दिसतो का? मुळीच नाही. म्हणजे भिंतीवर कुठे सुटलं आहे ते कळतं, पण चादरीवर कुठे राहून गेलं आहे ते कळत नाही, आणि मला तर तेच बघायचं आहे.

यावर चांगला इलाज म्हणजे तो लाल पडदा सोडून देऊन बदलच अतोनात वाढवणं. View edits मधून त्याच White Balance च्या स्लायडरवर परत जाता येतं, मास्क जागेवरच राहतो. तिथे Temperature पार निळ्या टोकाला नेला. भिंत निळीशार झाली, आणि चादरीच्या उजव्या कडेला पुसायचा राहिलेला भाग जांभळ्या ठिपक्यांसारखा उठून दिसला. ते ठिपके ० ने पुसले. भिंतीवर जिथे निळं नव्हतं तिथे १०० ने भरलं. सगळं स्वच्छ झाल्यावर स्लायडर मूळ जागी आणले. इथून पुढे प्रत्येक फोटोला आधी भडक बदल, मग मास्क, मग बदल खाली, हाच क्रम ठेवणार आहे. नजरेवर विसंबायची गरज उरत नाही.

दुसरी अडचण दशांच्या जाळीची. दोन दशांच्या मधून भिंत दिसते, आणि बोटाच्या ब्रशने एकेक धागा वेगळा करणं शक्य नाही. झूमलाही मर्यादा आहे, ब्रशची कडही मऊ आहे. तिथे हट्ट सोडला आणि दशांच्या पट्टीवर ५० चा जोर एकदा फिरवला. म्हणजे मधल्या भिंतीचा हिरवटपणा निम्मा गेला आणि पांढऱ्या दशांवर गुलाबी झाक निम्मीच आली. फोनच्या पडद्यावर दोन्ही कळत नाहीत. १०० आणि ० च्या मधली तीक्ष्ण रेघ दशांमधून नेली असती तर ती मात्र लगेच दिसली असती : अर्धी दशी पांढरी, अर्धी गुलाबी. डोळ्याला मधला रंग चालतो, तुटलेली रेघ चालत नाही.

१३ जानेवारी

आज सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. दुकान बंद, काम बंद, सगळं सोलापूर संमती कट्ट्याकडे.

संध्याकाळी आतेभावाने त्याचा फोटो पाठवला : पांढऱ्या बाराबंदीत उभा, मागे नंदीध्वज आणि फिकट पांढरं आभाळ. "ताई, आभाळ जरा निळं कर की." हा फोटो चादरीच्या बरोबर उलटा आहे. आभाळावर Selective चा बिंदू ठेवून वर्तुळ वाढवलं तर बाराबंदीचा खांदाही लाल झाला, कारण पांढऱ्यात पांढरं. मास्कने आभाळ वेगळं काढता येईल, पण आभाळात रंगच नोंदलेला नाही. Highlights खाली ओढले की ते राखाडी होतं, Saturation वाढवून काही येत नाही. त्याला सांगितलं, आभाळ पांढरंच राहणार, त्याच्याऐवजी मागची गर्दी जराशी गडद करून देते म्हणजे तू उठून दिसशील. Tune Image मध्ये Brightness उणे ३० करून मास्क गर्दीवर फिरवला, खांद्याच्या जवळ ५० ने. त्याला आवडला. आभाळाबद्दल अजून कुरकुर चालू आहे.

१६ जानेवारी

चादरीकडे परत. भिंतीचा रंग जमला, आता उजेड. भिंत अजून मंद आहे.

प्रत्येक बदलाचा मास्क वेगळा रंगवावा लागतो. White Balance साठी मेहनतीने काढलेली कड Tune Image ला आयती मिळत नाही. म्हणून अचूक कड कशाला लागते याचा विचार केला. रंग चुकला तर चादर जांभळी होते, तिथे कड काटेकोर हवीच. उजेड थोडासाच वाढवायचा असेल तर कड ढिली चालते. Tune Image मध्ये Shadows २० आणि Brightness १० एवढंच लावलं आणि मास्क लांबूनच भिंतीवर फिरवला, चादरीपासून बोटभर अंतर सोडून त्या अंतरात २५ चा जोर. उजेड चादरीकडे हळूहळू उतरत जातो, आणि तो दिव्याचा नैसर्गिक उतार वाटतो.

स्विचबोर्डासाठी Brush उघडला. त्यात Exposure आहे आणि Dodge & Burn पण आहे. थोडक्या जागेला Dodge & Burn बरं, कारण त्याची पायरी बारीक आहे. उणे ५ वर ठेवून बोर्डावर दोनदा हात फिरवला आणि त्याची चमक भिंतीत बसली. पूर्ण नाहीसा करायचा नव्हताच. बोर्ड नसलेली भिंत या दुकानात कुणी पाहिलेली नाही.

चुलतबहिणीने सुचवलं म्हणून Lens Blur पण लावून बघितला, मागचं धूसर आणि चादर स्पष्ट. इथे एक कायमची खोट आहे. धूसर करताना चादरीचा मरून रंग आजूबाजूच्या भिंतीत मिसळतो. मग मास्कने चादर परत स्पष्ट केली तरी भिंतीत मिसळलेली लाली तिथेच राहते आणि चादरीभोवती तांबूस प्रभा दिसते. मास्क कितीही नीट काढा, ती जात नाही, कारण ती चादरीच्या बाहेर आहे. शिवाय सपाट भिंतीला धूसर करून मिळतं काय? काढून टाकला.

१८ जानेवारी

तपासणी. पूर्ण फोटोवर बोट दाबून धरलं की मूळ फोटो दिसतो, सोडलं की नवा. असं चालू-बंद करताना नजर भिंतीवर न ठेवता चादरीवरच ठेवायची. चादर किंचितही हलली, म्हणजे रंग किंवा उजेड बदलल्यासारखी वाटली, तर मास्क कुठेतरी सांडला आहे. उजव्या खालच्या टोकाला एक फूल हललं. झूम करून तेवढं पुसलं.

मग त्याच विणीची एक चादर गोदामातून आणून दुकानाच्या दारात, फोटो काढला होता त्याच उजेडात धरली आणि शेजारी फोन. मरून जुळला. पांढरा पट्टा फोटोत किंचित उजळ आहे, पण तो मूळ फोटोतच तसा आहे.

Export करून काकांना पाठवला. जेपीजी झाल्यावर त्यातले थर आणि मास्क उरत नाहीत, म्हणून View edits मधलं सगळं काम समाधान झाल्यावरच बाहेर काढायचं. काकांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला. "भिंतीला रंग कधी दिला?" असं विचारून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

राहिलेले मरून, निळे आणि हिरवे फोटो याच क्रमाने होतील. निळ्या चादरींना मास्कचा लाल पडदा चांगला दिसेल. हिरव्यांना जास्त जपावं लागेल : चादरीवर मास्क चुकून राहिला तर Tint मुळे तिचा हिरवाच फिका पडतो, आणि तो फरक जांभळ्यासारखा डोळ्यात भरत नाही. तिथे भडक बदलाची चाचणी दोनदा करायची.

पांढरे टॉवेल मात्र या भिंतीपुढे काढलेले फोटो घेऊन सुधारणार नाही, असं काकांना सांगून टाकलं. क्रीमवर पांढरं, त्यात टॉवेलची लव, म्हणजे सगळी कडच दशांसारखी. मागे गडद निळी चादर टांगायची, ट्यूब बंद करायची आणि दारापाशी नव्याने फोटो काढायचे. काका म्हणाले, गुरुवारी सकाळी ये, ऊन तेव्हा आत येतं.